तीन बोटं खोल, सकाळी सात वाजता

प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या भागांतल्या बऱ्याच घरांचा एक पाय अजून वावरात आहे. नोकरी आणि घर नागपुरात, पण काटोल, हिंगणा, उमरेड किंवा सावनेरकडे वडिलोपार्जित चार-सहा एकर, त्यात एक विहीर आणि शनिवार-रविवारची फेरी. अशा घरांत जानेवारीच्या मध्याला एक प्रश्न हमखास निघतो: उन्हाळी भुईमूग नेमका कधी टोबायचा?

शिफारस सगळ्यांना पाठ असते: १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. ती चूक नाही, पण महिनाभराची आहे, आणि याच महिन्यात नागपूरची थंडी कधी मुरते तर कधी अचानक ओसरते. एखाद्या वर्षी २० जानेवारीला माती पेरणीजोगी झालेली असते, तर एखाद्या वर्षी ५ फेब्रुवारीलाही नसते. तारीख हे सांगू शकत नाही. पेपरात येणारं किमान तापमानही पूर्ण सांगत नाही, कारण ते हवेचं असतं. शहराचा तो आकडा प्रताप नगरपासून फार लांब नसलेल्या सोनेगावच्या वेधशाळेत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजला जातो. बियाणं चार फूट वर नसतं, तीन बोटं खाली असतं.

हवा आणि माती यांतला फरक किरकोळ नाही. निरभ्र रात्रीनंतर पहाटे हवा १० अंशांवर असेल तर ५ सेंटीमीटर खोलीवरची माती बहुधा त्याहून तीन-चार अंशांनी उबदार असते. दुपारी उघड्या काळ्या रानात तीच माती हवेच्या बरोबरीला येते किंवा तिच्या पुढे जाते. खोलीनुसारही चित्र पालटतं. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा हळूहळू खाली उतरतात आणि उतरता उतरता विरतात. वरच्या थरात जो चढउतार असतो त्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग ५ सेंटीमीटरवर पोचतो, १० सेंटीमीटरवर तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून ‘मातीचं तापमान इतकं’ या विधानाला खोली आणि वेळ जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. कृषी हवामान वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटीमीटरवरचे आकडे सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता घेतात, ते याचसाठी. ५ सेंटीमीटरवरची माती सातच्या सुमारास सर्वांत गार आणि दोन-तीनच्या सुमारास सर्वांत गरम असते. आपणही याच दोन वेळा धराव्यात.

साधन फार लागत नाही. वेधशाळेतले मातीचे थर्मामीटर काचेचे आणि वाकवलेल्या दांड्याचे असतात, ते शेतावर नेण्यासारखे नसतात. स्वयंपाकघरात वापरतात तो लांब पोलादी सळईचा डिजिटल थर्मामीटर या कामाला पुरतो. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, त्याची पट्टी ३५ च्या आसपास सुरू होते. लांबून रोखून मोजायचं लेझरचं यंत्रही नको, कारण ते फक्त वरच्या पापुद्र्याचं तापमान सांगतं आणि बियाण्याशी त्याचा संबंध नसतो. नवं साधन आणल्यावर आधी ते तपासावं. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळायचं, सळई मधोमध धरायची आणि दोन मिनिटांनी आकडा बघायचा. शून्य यायला हवं. १.५ आलं तर साधन फेकायची गरज नाही, दर वेळी दीड अंश वजा करायचा आणि तसं डबीवर लिहून ठेवायचं.

एक बारकी गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. या सळईत तापमान जाणणारा भाग टोकाजवळच्या एक-दीड सेंटीमीटरातच असतो. भुईमूग ५ सेंटीमीटरवर टोबायचा असेल तर टोक ५ सेंटीमीटरवर पाहिजे. सळईवर तेवढ्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. वाळलेल्या काळ्या जमिनीत सळई सरळ जात नाही, जोर दिला तर वाकते, आणि भेगेत घुसली तर भेगेतल्या हवेचं तापमान दाखवते. तिथे जाड खिळ्याने आधी छिद्र करून घ्यावं. त्याहून चांगला उपाय म्हणजे खुरप्याने वितभर खड्डा करून त्याच्या उभ्या भिंतीत, मोजपट्टीने खोली बघून, सळई आडवी खुपसायची. भिंत ताजी असतानाच मोजायचं, कारण उघडी पडलेली माती लगेच हवेच्या तापमानाकडे सरकते. सळईभोवतीची माती बोटाने दाबून घ्यावी, तीन-चार मिनिटं थांबावं, आणि दुपारी मोजताना सळईच्या डोक्यावर सावली धरावी. उन्हात तापलेली सळई स्वतःची ऊब खाली पोचवते आणि आकडा दोन अंशांनी सहज फुगतो.

मोजायची जागाही पेरणीच्या जागेसारखीच हवी. वावर ओलीत करून वाफशावर आल्यावर पेरायचं असेल तर वाफशातल्या मातीचाच आकडा घ्यावा. कोरड्या कोपऱ्यातला आकडा दुपारी फसवा उंच निघतो. धुऱ्याजवळ, झाडाच्या सावलीत किंवा विहिरीच्या कठड्यालगत मोजू नये. वावरात एकमेकांपासून लांब अशा तीन जागा ठरवाव्यात, तिथे काडी रोवून ठेवावी आणि रोज त्याच जागी जवळपास मोजावं. रोज जाणं जमत नसेल तर सळई तिथल्या माणसाकडे देऊन त्याने फोनवर आकडा सांगितला तरी चालतं. फक्त वेळ पक्की सात हवी. साडेआठचा आकडा सातचा म्हणून आला की सगळा हिशेब उगाच सुधारलेला दिसतो.

आता मुख्य प्रश्न: किती आकड्याला पेरायचं? भुईमुगाच्या उगवणीसाठी १८ अंशांची मर्यादा सांगितली जाते आणि तो उत्तम उगवतो २५ ते ३० च्या दरम्यान. अमेरिकेतल्या काही भागांत १० सेंटीमीटरवर भर दुपारी १८ अंश तीन दिवस टिकले की पेरा, असा नियम आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलून उपयोग नाही. नागपूरच्या ऐन जानेवारीतही उघड्या वावरात ५ सेंटीमीटरवर दुपारी १८ अंश मिळणारच, मग तो नियम रोजच ‘पेरा’ म्हणत राहील. आपल्याकडे अडतं ते रात्रीच्या गारठ्यावर. म्हणून इथे सकाळचा आकडा निर्णायक मानावा, आणि दुपारचा त्याला जोड म्हणून बघावा. सकाळी सातला ५ सेंटीमीटरवर १८ अंश सलग चार दिवस मिळाले तर निःशंक पेरावं. सकाळी १५-१६ आणि दुपारी २८ ते ३० असेल, म्हणजे सरासरी २२ च्या आसपास, तर भुईमूग उगवतो, फक्त आठवड्याऐवजी दहा-बारा दिवस घेतो. सकाळी १३ किंवा त्याखाली असेल तर थांबावं.

समजा, काटोलजवळच्या एका वावरात भुईमुगासाठी ओलीत करून जमीन वाफशावर आली आहे. १८ जानेवारीपासून मोजायला सुरुवात केली. पहिले तीन दिवस सकाळी १२ ते १३, दुपारी २५. सरासरी १९, पण पहाटेचा गारवा जास्त, म्हणून थांबलो. २१ तारखेला आभाळ आलं आणि २२ ला सकाळी आकडा एकदम १७ दाखवू लागला. अनेकांची गल्लत होते ती इथे. ढगाळ रात्री जमिनीची ऊब वर निघून जात नाही, म्हणून सकाळची माती उबदार असते. पण त्याच दिवशी दुपारी ऊन नसल्याने आकडा २१ वरच अडकला. सरासरी तीच १९. माती मुळात तापलेली नाही, फक्त चढउतार आटला आहे. शिवाय असे ढग पश्चिमी झंझावाताबरोबर येतात आणि ते सरले की उत्तरेकडचा कोरडा वारा सुटून दोन दिवसांत पारा खाली येतो. २४ ला झालंही तसंच, सकाळी १२. त्यानंतर आकाश स्वच्छ राहिलं आणि २८ पासून सकाळी १५, १६, १६, १७ असे आकडे आले, दुपारी २८ ते २९. हवामान खात्याच्या पाच दिवसांच्या अंदाजातही किमान तापमानात घट नव्हती. १ फेब्रुवारी हा पेरणीचा दिवस. २२ तारखेच्या एकट्या १७ वर विसंबून पेरलं असतं तर बियाण्याने पाणी पिऊन फुगण्याचे पहिले दोन दिवस नेमके थंडीत गेले असते, आणि हेच दोन दिवस दाण्याला सर्वांत नाजूक असतात.

मग १५ फेब्रुवारीपर्यंत थांबून निर्धास्तच का होऊ नये? कारण दुसरं टोक जूनमध्ये आहे. टॅग-२४ सारखी उपटी जात उन्हाळ्यात साधारण ११५ ते १२० दिवस घेते. हे वाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिळून दिलं. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा आहे. १५ फेब्रुवारीला टोबलेला भुईमूग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढणीला येतो, आणि नागपुरात मोसमी पाऊस साधारण त्याच सुमारास दाखल होतो. पूर्वमोसमी सरी त्याच्याही आधी. उपट्या जातींच्या दाण्यांना सुप्तावस्था जवळपास नसते, त्यामुळे पिकलेल्या शेंगांवर पाऊस पडला की दाणे जमिनीतच मोड काढतात. म्हणजे सकाळच्या आकड्याने वाचवलेला एकेक दिवस जूनमध्ये कामी येतो. माझं मत विचाराल तर १५ फेब्रुवारीला सुरक्षित म्हणण्यापेक्षा शेवटची तारीख म्हणावं.

दिवस वाचवायचा दुसरा मार्ग पातळ प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा. भुईमुगाला गादीवाफ्यावर सात मायक्रॉन जाडीचा पारदर्शक कागद अंथरतात. तो ऊन आत घेतो आणि ओल उडू देत नाही, त्यामुळे खालची माती काही अंशांनी उबदार राहते. काळा कागद तण चांगलं रोखतो, पण माती तेवढी तापवत नाही. कागद टाकून पेरणार असाल तर थर्मामीटर कागदाखालीच घाला, बाहेरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. कागद अंथरून तीन-चार दिवस झाल्यावर मोजा, त्याच दिवशी नको.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. थंडीत पाणी दिलं की माती लगेच गार पडते असं मानतात. जानेवारीच्या पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं ते खरंच कोमट असतं, कारण खोलवरचं पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ राहतं आणि नागपूरकडे ती सरासरी २५ च्या पुढे आहे. पाटातून ताजं पाणी दिल्यावर काही तास माती उलट उबदारच होते. गारवा येतो तो पुढच्या दोन-तीन दिवसांत, ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडताना. म्हणून पेरणीनंतर लगेच आंबवणीचं भरपूर पाणी देण्यापेक्षा आधी ओलीत करून वाफशावर टोबावं आणि पुढचं पाणी हलकं द्यावं. टाकीत रात्रभर साठवलेल्या पाण्याला मात्र ही ऊब नसते.

पेरून दहा दिवस झाले आणि ओळी दिसत नाहीत, तर आणखी पाणी देण्याआधी चार ठिकाणी बोटाने उकरून बघावं. दाणा फुगलेला, घट्ट, आत पांढरा आणि मुळाचं टोक नुकतं बाहेर डोकावलेलं असेल तर थंडीने उशीर झालेला आहे, आठवडाभर वाट बघता येते. दाणा दाबल्यावर चिकट लागला, टरफल सुटून आलं आणि कुजका वास आला तर गारवा आणि ओल एकत्र नडली, तिथे नांग्या भराव्या लागतील. थायरम किंवा ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया केलेली असेल तर हे प्रमाण कमी दिसतं, पण तीही महिनाभर राखण करत नाही. दाणा होता तसा सुरकुतलेला आणि कोरडा असेल तर प्रश्न तापमानाचा नाही, ओलीचा आहे. आणि कोंब निरोगी पण वर येता येता वाकडा झालेला असेल तर वरचा पापुद्रा फोडायला हवा.

घराच्या अंगणात किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांसाठी याच थंडीतली सर्वांत बोलकी गोष्ट भेंडीची आहे. संक्रांत झाली की भेंडी लावायची असा घरोघरचा शिरस्ता, आणि मग ‘बी जुनं निघालं’ ही घरोघरची तक्रार. बी बहुतेक वेळा चांगलं असतं. भेंडीला उगवायला स्थिर २० अंशांवर १७ दिवस लागतात, २५ अंशांवर १२-१३ आणि ३० अंशांवर जेमतेम सात. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, अंगणात दिवस-रात्रीच्या फरकाने ते थोडे सरकतात, पण उतार तोच राहतो. दोन-अडीच सेंटीमीटरवर सकाळ-दुपारची सरासरी २४-२५ च्या खाली असेपर्यंत भेंडीचं पाकीट फोडू नये. टरबूज आणि काकडीलाही साधारण हीच अट लावावी. घाई असेलच तर बी एक रात्र भिजवून ओल्या फडक्यात बांधावं, घरातल्या उबेत मोड आणावेत आणि मग लावावं. मातीतले सुरुवातीचे धोक्याचे दिवस तेवढे वाचतात.

ऑक्टोबरमध्ये सगळं उलटं होतं. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा आणि गव्हाची घाई असते आणि वर ऑक्टोबर हीटचं ऊन. इथे दुपारचा आकडा महत्त्वाचा. गहू २० ते २५ अंशांच्या सरासरीत चांगला उगवतो. त्याहून तापलेल्या मातीतही तो उगवून येतो, आणि हीच फसगत आहे, कारण पुढे फुटवे कमी धरतात. ओलिताचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरण्याच्या शिफारशीमागे हे आहे. हरभऱ्यात गरम आणि ओल्या मातीत मर आणि कॉलर रॉट या बुरशीजन्य रोगांचं फावतं. पाणी हाताशी असेल तर ५ ते ७ सेंटीमीटरवर दुपारचा आकडा ३० च्या खाली उतरेपर्यंत हरभरा थांबवावा. पण कोरडवाहू रानात हा सल्ला पाळू नका. तिथे माती थंड होण्याची वाट बघता बघता ओल बियाण्याच्या खाली निघून जाते, आणि गेलेली ओल परत आणता येत नाही. अशा रानात थोडं खोल पेरावं, बीजप्रक्रिया चुकवू नये आणि थर्मामीटर घरी ठेवावा.

जूनमध्येही तो घरीच ठेवावा. कापसाच्या धूळपेरणीत ५ सेंटीमीटरवरची माती भर दुपारी ४० च्या पुढे जाते हे खरं, पण कोरड्या मातीत पडलेलं कोरडं बी तेवढ्याने मरत नाही. त्याला मारतो तो दहा-पंधरा मिलिमीटरचा अर्धवट पाऊस. बी फुगतं, मग उघाड पडते आणि कोंब तापलेल्या मातीत करपतो. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असं सांगतात. तेवढ्या पावसाने माती आपोआप तिशीच्या आसपास येते, वेगळं मोजायची गरज उरत नाही.

शेवटी उन्हाळ्यातली गच्ची. एप्रिल-मेमध्ये सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी पेरली आणि काहीच वर आलं नाही, हे प्रताप नगरातल्या बहुतेक गच्च्यांवर दरवर्षी घडतं. सांबार १ ते २ सेंटीमीटरवर पेरतात, आणि उघड्या कुंडीत तेवढ्या खोलीवरची माती दुपारी ४० ओलांडते. तिशीच्या पुढे त्याची उगवण घसरत जाते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तर बाजूनेही ऊन लागतं, म्हणून मधल्या मातीबरोबर पश्चिमेकडच्या काठाला दोन बोटं आत मोजून बघा. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक सहज निघतो. उपाय मातीचा रंग आणि सावली बदलण्याचा आहे. भारतातल्या कृषी हवामानशास्त्राचे प्रवर्तक एल. ए. रामदास यांनी पुण्याच्या काळ्या मातीवर खडूच्या भुकटीचा पांढरा थर पसरला होता, आणि खालची माती उघड्या मातीपेक्षा बरीच थंड राहिल्याचं त्यांना दिसलं होतं. पुण्यात १९३२ मध्ये सुरू झालेल्या कृषी हवामान विभागातलं हे काम. गच्चीवर खडू पसरायची गरज नाही. पिशवीला बाहेरून पांढरं पोतं गुंडाळायचं, संध्याकाळी पेरायचं, वर धानाची तणस पातळ पसरून ओलं गोणपाट अंथरायचं आणि वर हिरवी जाळी ताणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गोणपाटाखाली सळई खुपसा. आकडा ३० च्या आसपास असेल तर गोणपाट पाच-सहा दिवस तसंच ओलं ठेवा आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढा. आकडा ३५ च्या वर असेल तर कुंड्या भिंतीच्या पूर्वेकडच्या सावलीत हलवा, नाहीतर सांबार जूनच्या पावसानंतरच पेरा.